चौथ्या बिलाची तूट

मी हिशेबनीस आहे आणि मला राग लवकर येतो. या दोन गोष्टी एका माणसात नांदू शकत नाहीत, असं माझ्या सासरच्यांना अजूनही वाटतं. त्यांच्या डोळ्यांसमोर हिशेब लिहिणारी बाई म्हणजे आवाज खाली, मान खाली आणि कोणी काही बोललं तर ‘बरं’. माझा अनुभव उलटा आहे. रक्कम चुकीच्या जागी बसलेली बघून ज्याचं डोकं तापत नाही, त्याने या कामाला हात लावू नये. त्याने खुशाल दुसरं काहीतरी करावं, जगात शांत माणसांसाठी पुष्कळ कामं आहेत.

तुळिंजहून शेअर रिक्षा करत, धूळ खात मी रोज वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत जाते. तिथे आमच्या कंपनीचा गाळा आहे. खाली वर्कशॉप, लोखंडी जिना चढून वर पोटमाळ्यावर ऑफिस. कारखान्यांना दाबाची हवा पुरवणारे कॉम्प्रेसर असतात, ते आम्ही दुरुस्त करतो. नावाला प्रायव्हेट लिमिटेड. प्रत्यक्षात साहेब, चार-पाच मेकॅनिक आणि मी. साहेब मूळचे घाटावरचे. नोकरी सोडून त्यांनी हा धंदा उभा केला, त्यासाठी राबले, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर आहे. तो आदर मी इथेच नोंदवून ठेवते, कारण पुढे फारसा दिसणार नाही.

आमच्याकडे एक रिवाज होता. प्रत्येक बिलाच्या ऑफिस कॉपीवर, ते काम ज्याने केलं त्याचं आद्याक्षर लाल पेनाने लिहायचं. गिऱ्हाइकाने त्या बिलाचे पैसे कमी दिले, तर जेवढे कमी आले तेवढे त्या माणसाच्या पगारातून जायचे. पगारपत्रकात त्यासाठी खास रकाना होता, ‘तूट’. साहेबांनीच तो आखला होता. एकदा कोणा मेकॅनिकने गिऱ्हाइकाकडे मीटर फोडला, गिऱ्हाइकाने त्याची किंमत बिलातून वळती केली, आणि तेव्हापासून हा रकाना आला तो राहिलाच. सगळ्यांनी तो नियम पावसाळी गटारासारखा गृहीत धरला होता. मी दोनदा भांडले होते. दोन्ही वेळा रक्कम लहान होती आणि साहेबांनी मला ‘मॅडम, शिस्त लागते’ एवढंच सांगून वाटेला लावलं होतं.

गेल्या दिवाळीच्या आधी आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी गावी गेले होते. परत आले तर टेबलावर दोन कागद. पहिला पगारपत्रकाचा कच्चा खर्डा. त्यात ‘तूट’च्या रकान्यात आमच्या सगळ्यात जुन्या मेकॅनिकच्या नावापुढे साहेबांच्या अक्षरात वीस हजार सहाशे. दिवाळीचा बोनस आणि वर जवळजवळ अर्धा पगार असा त्याचा हिशेब होता. दुसरा कागद म्हणजे पत्र. ‘माझ्या असमाधानकारक कामामुळे कंपनीचे नुकसान झाले असून ते मला मान्य आहे.’ खाली सहीसाठी रेघ. शनिवारपर्यंत सही घेऊन फाइलला लावा, अशी वर चिकटवलेली पिवळी चिठ्ठी.

हा मेकॅनिक जवळच्या चांदीप गावचा. घरची भातशेती आहे, खाऊनपिऊन सुखी माणूस. वयाने माझ्याहून मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणते, तो मला ताई. मशीनच्या अंगावर पालथा हात ठेवून तिला काय झालंय ते सांगतो, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतो. बढाई मात्र भयंकर मारतो. आपण हात लावला नाही असा कॉम्प्रेसर वसई तालुक्यात उरलेला नाही, हे त्याने मला निदान शंभरदा ऐकवलंय. त्या दिवशी तो जिना चढून वर आला आणि बढाई न मारता खुर्चीवर बसला. तेव्हाच मला कळलं की प्रकरण त्याला लागलंय.

साहेबांचं म्हणणं मला आधी कळलं होतं ते असं. चिंचोटीच्या पुढे, कामण रोडवर प्लॅस्टिकच्या डब्यांचा एक कारखाना आमचं मोठं गिऱ्हाईक. त्यांची चार बिलं थकली होती. मी गावी असताना त्यांचे पैसे बँकेत एकरकमी आले, एक लाख अडुसष्ट हजार दोनशे. बिलांची बेरीज होती एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार आठशे. म्हणजे वीस हजार सहाशे कमी. साहेबांनी स्वतः ते पैसे कॉम्प्युटरवर चढवले, आणि कॉम्प्युटरने दाखवलं की पहिली तीन बिलं पूर्ण फिटली, चौथ्याचे मात्र निम्मेच आले. चौथं बिल एक्केचाळीस हजार तीनशेचं. त्यावर लाल पेनाने दादाचं अक्षर. त्यात भर म्हणजे ते काम झालं तेव्हा चांदीपला भातकापणी चालू होती, आणि काम झाल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या कारखान्याच्या सुपरवायझरचा फोन आला होता की मशीन मध्येच बंद पडतंय. साहेबांनी दोनात दोन मिळवले. शेतावर पळायची घाई, म्हणून काम उरकलं, म्हणून गिऱ्हाइकाने निम्मे पैसे दाबले.

दादा म्हणाला, “ताई, कापनीला मी गेलो, नाय कोन म्हनतोय. पन मशीन चार तास माझ्यासमोर चालली, मंगच निघालो. दुसऱ्या दिवशी बंद पडली ती लाइटच्या व्होल्टेजनी. त्यांचा वायरमन आला, झालं. पैसं कापायचं तर कापा. त्या कागदावर मी सही करनार नाय.”

आणि सही नाही केली तर, असं मी विचारलं. तर साहेबांनी सांगितलं होतं, मग दिवाळीनंतर यायचं नाही. दादाने हे सांगताना खिडकीतून खाली बघितलं. खाली दुसरा मेकॅनिक त्याचा पाना वापरत होता. तिथली निम्मी हत्यारं दादाने स्वतःच्या हाताने घडवलेली आहेत.

माझं डोकं तापलं ते तेव्हाच. पण नुसत्या रागाने तूट भरून येत नाही, म्हणून मी आधी खातं उघडलं.

आणि खातं उघडलं मात्र, मला हसायलाच आलं. पहिलं बिल सत्तेचाळीस हजार दोनशे, आले सत्तेचाळीस हजार दोनशे. दुसरं एकोणतीस हजार पाचशे, आले एकोणतीस हजार पाचशे. तिसरं सत्तर हजार आठशे, आले सत्तर हजार आठशे. पै न् पै पूर्ण. अहो, हे गिऱ्हाईक आम्हाला टीडीएस कापल्याशिवाय कधी पैसे देत नाही! कायद्याने द्यायचंही नसतं. आमच्यासारख्या कंपनीला दुरुस्तीच्या कामाचे पैसे देताना त्यांनी दोन टक्के आयकर कापून सरकारकडे आमच्या नावावर भरायचा असतो. तो जीएसटी सोडून उरलेल्या मूळ रकमेवर कापतात. म्हणजे चाळीस हजारांचं काम, वर अठरा टक्क्यांनी बहात्तरशे जीएसटी, बिल सत्तेचाळीस हजार दोनशे. कापणार आठशे, हातात येणार शेहेचाळीस हजार चारशे. तेव्हा कुठलंच बिल पूर्ण फिटणं शक्य नव्हतं. तीन बिलं पूर्ण फिटलेली दिसली, यातच गडबड होती.

गडबड कुठे झाली तेही लगेच कळलं. आमच्या प्रोग्राममध्ये एक बटण आहे. आलेली रक्कम त्यावर टाकली की ते सगळ्यात जुन्या बिलापासून भरत सुटतं. पहिलं भरलं की दुसरं, दुसरं भरलं की तिसरं. पंगतीत वाढताना पहिल्या पानांवर सगळं श्रीखंड वाढून टाकावं आणि शेवटच्या पानाला चमचा खरवडायला लावावा, तसं. मग शेवटच्या माणसाने आमचं काय चुकलं असं विचारायचं. साहेबांनी ते बटण दाबलं होतं. चारही बिलांवरचा टीडीएस, आणि गिऱ्हाइकाने दुसरं काही कापलं असेल तर तेही, सगळंच्या सगळं चौथ्या बिलावर येऊन साचलं होतं. दादाचं बिल फक्त शेवटचं होतं, एवढाच त्याचा गुन्हा.

मी केबिनमध्ये जाऊन साहेबांना हे सांगितलं. साहेब हुशार आहेत, त्यांनी पटकन उलट हिशेब केला. चारही बिलांची मूळ रक्कम एक लाख साठ हजार. दोन टक्क्यांनी टीडीएस होतो बत्तीसशे. ठीक आहे, बत्तीसशे सोडा. उरलेले सतरा हजार चारशे कुठे गेले? ते खराब कामाचेच ना?

खरं सांगायचं तर प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, ते कोणत्या बिलाचे हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही. गिऱ्हाईक पैसे पाठवतं तेव्हा सोबत ॲडव्हाइस पाठवतं, कोणत्या बिलाचे किती दिले, त्यातून काय कापलं, ते सगळं त्यात असतं. ती कुठे आहे? साहेब म्हणाले, आली असेल मेलवर, दिवसाला दोनशे मेल येतात. मग मी कारखान्यात फोन करून मागवते, असं मी म्हटलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्या कारखान्याचं वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट पुढच्या महिन्यात नव्याने व्हायचं होतं. आत्ता पैशावरून फोन केला तर त्यांना वाटेल आपण कटकट करतोय. सही घ्या आणि विषय संपवा, असा हुकूम झाला.

म्हणजे गिऱ्हाइकाला एक फोन करायला संकोच, आणि वीस वर्षं राबलेल्या माणसाकडून नालायकीचा दाखला लिहून घ्यायला संकोच नाही. मी बाहेर आले, जिना उतरले, गाळ्याच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ गेले आणि फोन लावला. पुढे नोकरी राहते का जाते, हा विचार मनात आला होता. आला तसा गेलाही.

कारखान्याच्या अकाउंट्समध्ये एक मुलगी आहे. आम्ही कधी भेटलो नाही, पण दर तीन महिन्यांनी टीडीएसच्या सर्टिफिकेटसाठी बोलतो, त्यामुळे ओळख पक्की. ती हिंदी-मराठी मिसळून बोलते आणि सतत काहीतरी खात असते. तिने चकलीचा घास गिळून सांगितलं की ॲडव्हाइस तर त्याच दिवशी साहेबांच्या मेलवर गेली. मी म्हटलं, मला पुन्हा पाठव. ती म्हणाली, पाठवते, आणि हसून विचारलं, तिसऱ्या बिलाचं आहे ना? तुमचा फोन येणार हे मला माहीतच होतं.

तिसऱ्या बिलाचं. मी तिला पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच म्हणाली.

वर जाऊन मेल उघडला. तो कागद मी एकेक ओळ वाचला, कारण त्यांच्या कागदावर आमच्या बिलाचे नंबर अर्धेच छापले जातात. तारीख आणि रक्कम बघून जुळवावं लागतं. पहिलं बिल, टीडीएस आठशे, दिले शेहेचाळीस हजार चारशे. दुसरं, टीडीएस पाचशे, दिले एकोणतीस हजार. चौथं, दादाचं, एक्केचाळीस हजार तीनशे. टीडीएस सातशे, दिले चाळीस हजार सहाशे. बस्स. सातशे रुपये, आणि तेही सरकारकडे आमच्याच नावावर. त्याच्या कामाचा एक रुपयासुद्धा कोणी दाबलेला नव्हता.

तिसऱ्या बिलापुढे दोन ओळी होत्या. वर सत्तर हजार आठशे, आणि खाली वजा सतरा हजार सातशे, कारण: ऑर्डरमध्ये नसलेल्या व्हिजिट. म्हणजे मूळ रकमेतले पंधरा हजार आणि त्यावरचा सत्तावीसशे जीएसटी त्यांनी मंजूरच केला नव्हता. उरलेल्या पंचेचाळीस हजारांवर टीडीएस नऊशे, आणि दिले बावन्न हजार दोनशे. साहेबांचे सतरा हजार चारशे आणि हे सतरा हजार सातशे, यांत तीनशेचा फरक का पडत होता तेही यातच होतं. जे मंजूर केलं नाही त्यावर त्यांनी टीडीएसही कापला नव्हता. बत्तीसशे नव्हे, एकोणतीसशे. एकोणतीसशे आणि सतरा हजार सातशे मिळून बरोबर वीस हजार सहाशे. आकडे असे चपखल बसले की मला जे वाटतं त्याला समाधान म्हणतात, पण त्या दिवशी समाधान वाटलं नाही. मी तिसऱ्या बिलाची ऑफिस कॉपी काढली होती आणि लाल अक्षराकडे बघत होते.

ते आद्याक्षर साहेबांचं होतं.

त्या दोन व्हिजिट साहेब स्वतः करून आले होते. मोठं गिऱ्हाईक, कंत्राटाची बोलणी, म्हणून मेकॅनिकला न पाठवता स्वतः गेले. परत आल्यावर व्हिजिटच्या स्लिपा माझ्या टेबलावर टाकून म्हणाले होते, सगळ्या लावा बिलात. मी लावल्या. आता त्या मुलीला पुन्हा फोन केला, तर तिने आमच्याच साहेबांचा जुना मेल पुढे पाठवला. त्यात त्यांनी कारखान्याच्या मॅनेजरला लिहिलं होतं, ऑर्डर आम्हाला द्या, पहिल्या दोन तपासणी व्हिजिट आमच्यातर्फे फुकट. कबूल केलं आणि विसरले. विसरणं हा गुन्हा नाही. दुसऱ्याच्या नावावर बिल फाडणं हा आहे. नकळत का होईना, त्यांनी तेच केलं होतं, आणि कळायचा एकुलता एक रस्ता मला बंद करायला सांगितला होता.

मग मी माझं काम केलं. साहेबांनी केलेली नोंद पुसली आणि रक्कम ॲडव्हाइसप्रमाणे बिलवार लावली. प्रत्येक बिलाला मिळालेले पैसे वेगळे, कापलेला टीडीएस वेगळा. टीडीएस ही तूट नव्हे. तो आमचाच पैसा आहे, फक्त सरकारच्या खिशात जाऊन बसलाय, आणि वर्षाच्या शेवटी आमच्या करातून वजा होणार आहे. त्यासाठी त्याचं खातं वेगळं असतं आणि त्यात एकोणतीसशेच यायला हवेत, कारण तो कारखाना सरकारला आमच्या नावे तेवढेच कळवणार. पहिलं बिल शून्य. दुसरं शून्य. चौथं शून्य. तिसऱ्यावर सतरा हजार सातशे उभे. सगळं छापून घेतलं.

आणि पगारपत्रक नव्याने केलं. आमच्या कंपनीत साहेबही संचालक म्हणून पगार घेतात, त्यांचं नाव पहिल्या ओळीत असतं. दादाच्या नावापुढचा आकडा काढला. पहिल्या ओळीत, ‘तूट’च्या रकान्यात सतरा हजार सातशे लिहिले. इतकं सुंदर अक्षर माझं बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं.

खाली जाऊन दादाला म्हटलं, वर चला. तो म्हणाला, सही करनार नाय. मी म्हटलं, तुमच्या सहीसाठी बोलवत नाहीये.

साहेबांनी आधी ॲडव्हाइस वाचली. मग स्वतःचा मेल. मग बिलवार खातं. त्यांचा चेहरा मी बघत होते आणि लपवणार नाही, मला बरं वाटत होतं. तिसऱ्या कागदापर्यंत ते ठीक होते. ठीक आहे, चूक झाली, असं काहीतरी पुटपुटले. मग पगारपत्रकावर नजर गेली.

“हे काय आहे, मॅडम?”

“तुमचाच नियम आहे, साहेब. ज्याचं काम, त्याच्या पगारातून.”

त्यांनी दादाकडे बघितलं. एका मेकॅनिकसमोर हे चाललंय, हे त्यांना सगळ्यात जास्त झोंबलं असावं. म्हणून तर मी त्याला वर आणलं होतं. कंपनी माझी आहे, साहेब म्हणाले, धंदा मिळवायला दोन व्हिजिट सोडाव्या लागतात, त्याला तूट म्हणत नाहीत, त्याला धंदा म्हणतात. मी म्हटलं, अगदी बरोबर. तुमचं चुकलं की तो धंदा, ह्यांचं चुकलं की पगार. आणि इथे तर ह्यांचं चुकलंही नव्हतं. पहिल्या ओळीतले सतरा हजार सातशे राहतील किंवा रकाना जाईल, दोन्हीतलं एक सांगा, मला आज पत्रक पक्कं करायचंय.

खाली कोणीतरी मशीन चालू करून बघत होतं, तिचा आवाज चढत गेला आणि एका लयीवर स्थिरावला. दादाचे कान तिकडे लागले होते. अशा वेळीसुद्धा.

“रकाना काढा,” साहेब म्हणाले.

मी तिथल्या तिथे त्या रकान्यावर वरपासून खालपर्यंत रेघ मारली. मग शेवटचा कागद पुढे सरकवला. ती होती क्रेडिट नोट. तिसऱ्या बिलातले पंधरा हजार आणि सत्तावीसशे जीएसटी आम्ही मागे घेतो, असं कारखान्याला कळवणारी. ती काढल्याशिवाय तो सत्तावीसशेचा जीएसटी आम्ही सरकारला उगाचच भरून बसलो असतो, कधीही न येणाऱ्या पैशावर. तिच्यात कारणाची एक ओळ असते. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, इथे ‘दरातील फरक’ लिहा ना, काय बिघडतं?

“बिघडतं,” मी म्हटलं. “दरात काही फरक नव्हता.”

मी तिथे लिहिलं होतं: संचालकांनी विनामूल्य कबूल केलेल्या दोन व्हिजिट चुकून बिलात आल्या. त्याखाली सहीची रेघ. ही सही माझी चालत नाही, मेकॅनिकची तर नाहीच. ती कंपनीच्या अधिकृत माणसाची लागते, आणि आमच्याकडे अधिकृत माणूस एकच.

साहेबांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. दादा माझ्या बाजूला उभा राहून बघत होता. शनिवारपर्यंत ज्याच्याकडून सही घ्यायची होती, त्याच्यासमोर साहेबांनी सही केली. पूर्ण नावाची, नेहमीची लफ्फेदार नव्हे. मग दादाकडे न बघता म्हणाले, सोमवारी कामण रोडला तूच जा, ते तुलाच मागतायत.

त्यांनी माफी मागितली नाही. मीही वाट बघितली नाही. आता ॲडव्हाइस थेट माझ्या मेलवर येते आणि ते बटण मी प्रोग्राममधून बंद करून घेतलंय. बिलांवर लाल अक्षरं अजून पडतात. ती कोणाला शाबासकी द्यायची हे कळायला उपयोगी आहेत, असं मी साहेबांना सांगितलं, आणि दिवाळीला त्यांनी एकाला दिलीही. माझी नोकरी गेली नाही. जाईल तेव्हा जाईल.

त्या दिवशी सही झाल्यावर दादा जायला निघाला आणि दारात थांबला. माझ्या टेबलावरचं ते पत्र त्याने मागितलं. मी फाडायला घेतलं तर त्याने माझा हात धरला.

“फाडू नका, ताई. घरी नेतो. पोरांना दाखवायचंय, सही नाय केली ते.”

त्याने कागदाची घडी करून वरच्या खिशात ठेवली. खाली रेघ तशीच कोरी होती.